जुन्या छोट्या जाहिराती उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातल्या एका चाळीच्या माळ्यावरून वर्तमानपत्रांच्या रविवारच्या अंकांचे गठ्ठे खाली उतरले, तेव्हापासून आम्ही काही जण त्यातल्या 'जागा भाड्याने' आणि 'जागा विकणे' या सदरांतल्या छोट्या जाहिराती टाईप करतोय. अंक साधारण १९९५ ते २००५ मधले आहेत. मुंबईत कुठे, कशी जागा, किती डिपॉझिटवर मिळत होती हे त्यातून काढायचं आहे. कामाला नवा माणूस आला की तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. उदाहरणांतले नंबर कुणाचेही नाहीत. मधले अंक मुद्दाम × करून झाकलेत.

हे नंबर आता लागतही नसतील. मग एका अंकाचा एवढा बाऊ कशाला?

फोन करायचा नाहीच. नंबर हवा तो जाहिरात ओळखायला. छोट्या जाहिरातीत नाव बहुधा नसतंच, कारण पैसे शब्दावर किंवा ओळीवर मोजले जातात आणि नाव वाचवलं की एक शब्द वाचतो. त्यामुळे हाच एजंट दादरला आणि तोच मुलुंडला जागा देतोय का, ही खोली तीन रविवार रिकामी राहिली का, हे फक्त नंबरावरून कळतं. मजकुरात दरवेळी थोडा फरक असतो, भाडंही बदलतं. नंबर तोच राहतो. एक अंक चुकला की एका एजंटाचे दोन एजंट होतात, आणि तीन आठवडे पडून असलेली एक खोली तीन वेगळ्या खोल्या म्हणून मोजली जाते.

शिवाय फोन नंबर स्वतःची चूक स्वतः सांगत नाही. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून हिशेबाने काढलेला असतो, त्यामुळे एक अंक चुकला तर तपासणीत लगेच कळतं. फोन नंबरात असा तपासणीचा अंक नसतो. चुकीचा नंबरही दिसायला तितकाच खरा, आणि बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी.

एक जाहिरात कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नव्या माणसाच्या डोक्यात एक नियम आपोआप बसतो: नंबर आला की जाहिरात संपली. दहातल्या आठ वेळा तो बरोबरही ठरतो, आणि म्हणूनच घात करतो. काही जाहिरातींत नंबर नसतोच. 'प्रत्यक्ष भेटा' म्हणून पत्ता असतो किंवा बॉक्स नंबर असतो. काहींत नंबर मध्येच येतो आणि नंतर 'एजंट नको' किंवा 'सायं. ७ नंतर' असं शेपूट असतं. नंबराला हद्द मानलं की शेपूट पुढच्या जाहिरातीला चिकटतं, आणि बिननंबरी जाहिरात पुढचीचा नंबर पळवते.

हद्द मानायची ती छपाईची. जाहिरातीचा पहिला शब्द ठळक असतो, बहुतेक वेळा गावाचं किंवा उपनगराचं नाव. काही अंकांत दोन जाहिरातींमध्ये केसासारखी बारीक रेघ असते, काहींत पहिली ओळ किंचित आत सरकवलेली असते. त्या अंकाची पद्धत कोणती हे आधी पाच मिनिटं बघा, मग कामाला लागा.

एक नमुना घेऊ. मजकूर मीच जुळवलाय, धाटणी १९९९ च्या आसपासची:

दादर प. रानडे रोड १ रूम किचन ३ रा मजला फक्त कुटुंबास ४३०××१९ पी.पी. सायं. ७ नंतर. डोंबिवली पू. स्टेशनपासून ५ मि. बॅचलर चालेल, रविवारी स. १० ते १ प्रत्यक्ष भेटा, तळमजला, पाण्याच्या टाकीसमोर. ठाणे नौपाडा २ बीएचके एजंट नको ५४२××३१/३२.

एका नव्या मुलीने हे असं उतरवलं: दादरची जाहिरात 'पी.पी.'पाशी तोडली. 'सायं. ७ नंतर' डोंबिवलीला गेलं. डोंबिवलीत नंबर सापडला नाही म्हणून ती पुढे वाचत गेली आणि ठाण्याचा नंबर डोंबिवलीला लागला. तीन जाहिरातींच्या दोन झाल्या, आणि ठाण्याचा टू बीएचके डोंबिवलीच्या खोलीत विरघळून गेला.

चूक पकडली कशी? दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे मोजणी. आम्ही टाईप करण्याआधी रकान्याची प्रिंट काढून प्रत्येक ठळक शब्दाशेजारी पेन्सिलने क्रमांक टाकतो. त्या तुकड्यात तीन क्रमांक होते, फाईलमध्ये ओळी दोनच. दुसरी म्हणजे नंबराचं गाव. त्या काळी ५४२ हा ठाण्याकडचा आकडा. डोंबिवलीला कोडच वेगळा, ०२५१. डोंबिवलीच्या जाहिरातीत ५४२ दिसला की थांबून बघायचं. हा मात्र फक्त इशारा समजा. डोंबिवलीची जागा ठाण्यात राहणारा मालकही देऊ शकतो. निकाल छापील कागदच देणार.

बरोबर उतरवलेलं असं दिसतं:

```
4-1 | दादर    | 430××19 पी.पी. | 430××19
4-2 | डोंबिवली | (नाही)          | (नाही)
4-3 | ठाणे    | 542××31/32     | 542××31 ; 542××32
```

पहिला आकडा रकान्याचा, दुसरा जाहिरातीचा. जाहिरातीचा पूर्ण मजकूर शीटमधल्या वेगळ्या घरात जातो, इथे जागेअभावी गाळलाय. 'नाही' हे शब्दात लिहायचंच. घर रिकामं सोडलं तर नंबर नव्हता की उतरवायचा राहिला, हे महिन्याभराने तुम्हालाही सांगता येणार नाही.

रकान्याच्या तळाशी जाहिरात अर्धवट तुटते. तिचं काय?

पुढच्या रकान्याच्या डोक्यावर ठळक शब्द नसेल तर ते मागचीचंच शेपूट. दोन्ही तुकडे एकाच ओळीत जोडा आणि क्रमांक जिथे सुरुवात झाली त्या रकान्याचा द्या. मध्ये मोठी चौकटीची जाहिरात घुसलेली असते, तिच्यावरून उडी मारून पुढे बघा. नंबरच दोन ओळींत तुटला असेल तर ओळीअखेरची आडवी रेघ नंबराचा भाग आहे की फक्त ओळ मोडल्याची खूण, हे त्याच रकान्यातले इतर नंबर बघून ठरवा.

नंबरासाठी दोन घरं कशाला? एकात भागत नाही का?

'छापील नंबर' या घरात कागदावर आहे तसं सगळं जातं: जागा, रेघ, तिरकी रेघ, 'पी.पी.', '(ऑ.)', '(नि.)'. 'सुटा नंबर' या घरात फक्त अंक. जुळवाजुळव दुसऱ्या घरावर करायची, भांडण झालं की पहिल्या घराकडे जायचं.

तिरक्या रेघेनंतर जितके अंक असतील तितकेच मूळ नंबराच्या शेवटून बदलायचे. म्हणजे ××३१/३२ म्हणजे ३१ आणि ३२ वर संपणारे दोन नंबर. '२९ ते ३२' असेल तर चार. रेघेनंतर पूर्ण नंबर आला असेल तर तो सरळ दुसरा नंबर. कधी रेघेनंतर एकच अंक असतो, तेव्हा शेवटचा एकच बदलतो. इथे घाई नको.

पी.पी. म्हणजे काय? गाळलं तर चालेल?

तिशीच्या आतली मुलं हे हमखास विचारतात. घरी फोन नसायचा, तेव्हा शेजाऱ्याचा किंवा खालच्या दुकानाचा नंबर द्यायचे आणि पुढे 'पी.पी.' लिहायचे. फोन आला की शेजारी गॅलरीतून हाक मारणार. गाळायचं अजिबात नाही. एकाच पी.पी. नंबरावर तीन वेगळ्या बिऱ्हाडांच्या जाहिराती येऊ शकतात. खूण गळली की आपल्याला वाटणार, हा मोठा एजंट दिसतो!

नंबर सातच अंकी आहे. एक अंक गळलाय का?

अंकाची तारीख बघा. मुंबईचे लँडलाईन नंबर २००२ मध्ये सातावरून आठ अंकी झाले, जुन्या नंबराच्या सुरुवातीला २ लागला. १९९९ च्या अंकातला ४३०××१९ हा पूर्ण नंबर आहे. तोच माणूस २००४ मध्ये २४३०××१९ म्हणून भेटेल. हे दोन्ही एकच, ही नोंद आम्ही वेगळ्या घरात करतो. जुन्या नंबराला स्वतःहून २ लावायचा नाही. २००२ च्या आसपासच्या अंकांत एकाच पानावर दोन्ही तऱ्हा सापडतात, तेव्हा तर नाहीच नाही.

आठ अंकी झाल्यावरचा हिशेब सोपा आहे. शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा अंक व्हायला हवेत. मुंबईचा कोड २२ आणि पुढे आठ, वसईचा २५० आणि पुढे सात. नऊ किंवा अकरा आले की कागद पुन्हा उघडा.

९५ ने सुरू होणारा नंबर बारा अंकी निघाला. मोबाईल आहे का?

नाही. काही वर्षं जवळच्या गावांना फोन लावताना कोडच्या आधी शून्याऐवजी ९५ फिरवायचे. ९५२५१ आणि पुढे सात अंक म्हणजे कल्याण-डोंबिवलीचा लँडलाईन. त्या काळच्या जाहिरातींत तो तसाच छापलाय, तसाच ठेवा. मोबाईल दहा अंकी, आणि आपल्या अंकांतले ९ ने सुरू होणारे, त्यातही बहुतेक ९८ चे. सुरुवातीला शून्य लावून अकरा अंकी छापलेला दिसला तर छापील घरात शून्य ठेवा, सुट्या घरात काढा. नव्वदीच्या अंकांत पेजरचे नंबरही असतात. शेजारी 'पेजर' छापलेलं असतं, ते छापील घरात आलं की झालं.

अंक मराठीत टाईप करायचे की इंग्रजीत?

छापील घरात जसे असतील तसे ठेवले तर उत्तम, पण आम्ही व्यवहार बघून दोन्ही घरांत इंग्रजी अंकच ठेवले. टाईप करण्यापेक्षा धोका वाचण्यात आहे. एकाच रकान्यात एक जाहिरात मराठी अंकांत आणि तिच्या खालची इंग्रजी अंकांत असते. जाहिरात घेणाऱ्या काउंटरवर जसं लिहून दिलं, तसं लागलं. मग मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि मराठी ४ चं वरचं तोंड शाईने भरलं की तो इंग्रजी 8 होतो. नंबराची सुरुवात चुकली तर कळतं, कारण १८ ने सुरू होणारा मोबाईल नसतो. मधला १ चुकून 9 झाला तर काहीच कळत नाही.

म्हणून नंबर वाचायच्या आधी त्याच जाहिरातीतला एखादा खात्रीचा अंक शोधा, '२ बीएचके'तला नव्हे, कारण २ दोन्हीकडे सारखाच दिसतो. ५, ६ किंवा ७ बघा. मराठी ५, ६, ७ इंग्रजीपेक्षा स्पष्ट वेगळे आहेत. त्यावरून जाहिरातीची लिपी ठरवा, मग नंबर वाचा.

सगळं मराठी अंकांत आधीच टाईप झालं असेल तर पायथॉनमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
s.translate(str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789"))
```

अक्षर इतकं बारीक आहे की इंग्रजी 3 की 8 कळत नाही. स्कॅन कसा करायचा?

६ पॉइंटचं अक्षर ३०० डीपीआयला स्कॅन केलं तर अख्ख्या ओळीला २५ पिक्सेल मिळतात, आणि अंकाला त्याहून बरेच कमी. 3 चं तोंड उघडं आहे की मिटलं, हे तेवढ्यात दोन-तीन पिक्सेलवर ठरतं. ६०० ला हेच दुप्पट होतं. आम्ही छोट्या जाहिरातींची पानं ६०० लाच घेतो, करड्या छटांत, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात नाही. पानामागे काळा कार्डपेपर ठेवा, म्हणजे पाठीमागची छपाई आरपार दिसत नाही. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, मागच्या पानावरचा ठिपका पुढच्या 3 ला 8 करून जातो. जपून ठेवायची फाईल TIFF किंवा PNG करा.

दुकानातून झेरॉक्स काढून त्यावरून टाईप करायचं काहींना सोपं वाटतं. खुणा करायला ती चालेल, अंक वाचायला नको. आता झेरॉक्सचा विषय निघालाच आहे तर एक खरी गोष्ट सांगतो. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला दिसलं की झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर जातीच्या काही मशीनवर स्कॅन केलेल्या नकाशात खोल्यांचे आकडेच बदललेत. 6 च्या जागी 8 येत होता, तोही पुसट नाही, अगदी स्वच्छ छापलेला. कारण होतं JBIG2 नावाची फाईल लहान करण्याची पद्धत. ती पानावरचे सारखे दिसणारे ठिपक्यांचे तुकडे एकच समजते आणि एकाचं चित्र दुसऱ्याच्या जागी वापरते. अक्षर जितकं लहान, तितका हा घोटाळा होण्याचा धोका जास्त. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. आपण यातून घ्यायचं ते एवढंच, की स्कॅनमधला अंक स्वच्छ दिसतो म्हणून तो बरोबरच असेल असं नाही. शंका आली की मूळ कागद भिंगाखाली धरा.

तरीही कळला नाही तर?

त्या अंकाच्या जागी `?` टाका. एका अंकाला एक, म्हणजे अंकांची संख्या शाबूत राहते. दोनच शक्यता असतील तर `[3/8]` असं लिहा. पुढच्या रविवारच्या अंकात तीच जाहिरात नीट छापलेली सापडली, तर शेऱ्यात 'अमुक तारखेवरून 8' असं लिहायचं. `[3/8]` पुसायचं नाही. घडीवर फाटलेल्या कागदाचं उत्तर दुसऱ्या कागदाने दिलंय, हे दिसत राहू दे.

दोघांनी बसून एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाईप करायचं, ही पद्धत कशी?

वेग चांगला, पण वाचणाऱ्याने जोड्या करून वाचू नये. मराठीत चौऱ्याऐंशी आणि चौऱ्याण्णव, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर, एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे पंख्याच्या आवाजात आणि खालून लोकल जात असताना सारखेच ऐकू येतात. एकेक अंक सुटा वाचा. 'सहा' आणि 'दहा'चा गोंधळही त्याने मिटतो, कारण सुट्या वाचनात दहा कधी येतच नाही. 'डबल' म्हणायची सवयही सोडा. 'डबल दोन दोन' म्हणजे २२२ की २२२२, यावर आमच्याकडे दोघांचं अर्धा तास वाजलं होतं.

आमचा कल मात्र दुसऱ्या पद्धतीकडे आहे. दोघांनी एकमेकांचं न बघता नंबर स्वतंत्र टाईप करायचे आणि मग शीट तुलना करेल. सुटे नंबर H आणि I या रकान्यांत असतील तर:

```
=EXACT(H2,I2)
```

`FALSE` आलेल्या ओळी तिसऱ्याने मूळ स्कॅन मोठा करून सोडवायच्या. डोळ्याच्या चुका दोघांच्या सारख्या होऊ शकतात, कारण पुसट 8 दोघांनाही 3 दिसतो. हाताच्या चुका सहसा वेगळ्या पडतात. हाताच्या चुकांत एक मजेशीर जोडी आहे. मोबाईलच्या पॅडवर १-२-३ वर असतात, कीबोर्डाच्या नंबर पॅडवर ७-८-९ वर. दिवसभर मोबाईल वापरणारा माणूस नंबर पॅडवर बसला की १ चा ७, २ चा ८ आणि ३ चा ९ करतो. अशा जोड्या वारंवार दिसल्या तर त्याला वरच्या ओळीतल्या आकड्यांवरून टाईप करायला सांगा, सुटतो प्रश्न.

शून्य गायब होतंय आणि काही नंबर विचित्र दिसतायत. फाईल बिघडली का?

फाईल ठीक आहे, एक्सेल नंबराला रक्कम समजतंय. 022 चं 22 होतं. बारा अंकी नंबर `9.53E+11` असा दिसतो. 'स. १० ते १' ऐवजी कुणी 10-1 टाईप केलं तर त्याची तारीख होते. उपाय एकच: टाईप करण्याआधी पूर्ण रकाना Text करा. नंतर केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही.

आणखी एक खाच आहे. Text करून, CSV म्हणून जतन करून, ती CSV पुन्हा दोनदा क्लिक करून उघडली की शून्य पुन्हा गेलं, कारण CSV मध्ये रकान्याचा प्रकार साठवलाच जात नाही. Data मधून From Text/CSV ने आणा आणि नंबरांच्या रकान्यांना तिथेच Text द्या.

नंबर बरोबर आहे का, हे फोन लावून बघू का?

नको. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या जाहिरातीतला नंबर आज कुणाकडे असेल ते सांगता येत नाही. त्याने 'हो' म्हटलं काय किंवा 'राँग नंबर' म्हटलं काय, कागदावर काय छापलंय ते त्यातून कळत नाही.

फाईल बाहेर कुणाला द्यायची झाली तर?

नंबरांचे दोन्ही रकाने काढून टाका आणि त्यांच्या जागी प्रत्येक वेगळ्या नंबराला एक सांकेतिक क्रमांक द्या. एजंट ०४१, एजंट ०४२ असा. एकच नंबर कुठे कुठे आला हे वाचणाऱ्याला कळेल, नंबर कळणार नाही. मात्र मजकुराच्या रकान्यात नंबर राहून गेलाय का, हे आधी शोधा. आमच्याकडे पहिल्या वेळी तो तिथे राहिला होता.